परिच्छेद तपासण्याची एक रीत

विद्यार्थ्याचा चुकलेला परिच्छेद शिक्षकाने लाल शाईने पुन्हा लिहून दिला, म्हणजे परिच्छेद सुधारतो. विद्यार्थी मात्र होता तेथेच राहतो. तो शुद्ध प्रत उतरून घेतो आणि पुढील आठवड्यात त्याच चुका करतो. म्हणून चुका दुरुस्त करण्यापूर्वी त्यांची वर्गवारी करावी, असे आम्ही सुचवितो.

हिंदी मातृभाषा असलेल्या एखाद्या मुलाने पुढीलप्रमाणे लिहिले आहे, असे समजू :

“शाळाच्या मागे एक मोठा झाड आहे. झाडवर एक घरटा होता. वाराने तो खाली पडला. मीने रस्तावरून गवत आणला. मीने त्यात पिल्लू ठेवले.”

एकेक मोजता चुका दहा भरतात. परंतु त्यांची कारणे तीनच आहेत. ‘मोठा झाड’, ‘घरटा होता’, ‘तो पडला’, ‘गवत आणला’ या चार चुका लिंगाच्या होत; हिंदीत नपुंसकलिंग नाही. ‘शाळाच्या’, ‘झाडवर’, ‘वाराने’, ‘रस्तावरून’ या चार सामान्यरूपाच्या. ‘मीने’ दोनदा आले आहे, ते हिंदीतील ‘मैंने’ या रूपावरून. मराठीत ‘मी’ व ‘तू’ यांना येथे ‘ने’ लागत नाही, ‘त्याने’ यास लागतो.

आता चुकीच्या शब्दाखाली रेघ ओढून समासात केवळ १, २ अथवा ३ हा वर्गाचा अंक घालावा. शुद्ध रूप लिहू नये. ते विद्यार्थ्याने शोधावे.

शिकविण्याचा क्रमही या वर्गवारीतूनच निघतो. ‘मीने’ एका नियमाने सुटते, म्हणून ते प्रथम घ्यावे. त्यानंतर लिंग, व शेवटी सामान्यरूप. ‘शाळा’ आणि ‘वारा’ हे दोन्ही शब्द आकारान्त. पण स्त्रीलिंगी शाळेचे ‘शाळेच्या’ होते व पुल्लिंगी वाऱ्याचे ‘वाऱ्याने’. लिंग ठाऊक नसेल, तर सामान्यरूप साधणार कसे?

वर्ग दिसण्यावरून नव्हे, कारणावरून ठरवावा. ‘घरटा’ व ‘वाराने’ या दोहोंत घोटाळा ‘आ’काराचाच दिसतो, परंतु कारणे भिन्न आहेत. ‘झाडवर’ हा केवळ निसटलेला कानाही असू शकेल. संशय असल्यास दगड, डोंगर, घर असे चारपाच शब्द देऊन त्यांस ‘वर’ जोडावयास सांगावे. सर्व बरोबर आले, तर तो हस्तदोष समजून वर्गातून वगळावा. तसेच बरोबर आलेले रूपही पाहावे. ‘पिल्लू ठेवले’ येथे नपुंसकलिंग साधले आहे. त्याच्याच शेजारी ‘घरटे होते’ ठेवून दाखविले, की मुलास आपल्याच वाक्यातून नियम कळतो.

या रीतीची परीक्षा जुन्या परिच्छेदाच्या शुद्ध प्रतीवरून होत नाही. आठ दिवसांनी नव्या विषयावर पाच वाक्ये लिहवून घ्यावीत व प्रत्येक वर्गातील चुका पुन्हा मोजाव्यात. ‘मीने’ नाहीसे झाले आणि सामान्यरूपाच्या चुका तेवढ्याच राहिल्या, तर पुढील पाठ कोणता, हे निराळे सांगावयास नको. पालकांनीही घरी वही पाहताना शुद्ध शब्द न सांगता, “हा कितव्या वर्गातला?” एवढेच विचारावे.