दोनशेच्या आतली झुंज

१७ डिसेंबर २०२४. ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर आकाशदीपने पॅट कमिन्सला चौकार मारला आणि भारतीय ड्रेसिंग रूममध्ये कोहली, रोहित, गंभीर यांनी जल्लोष केला. भारताचे नऊ गडी बाद होते आणि संघ ऑस्ट्रेलियाच्या जवळजवळ दोनशे धावा मागे होता. मग आनंद कशाचा?

ऑस्ट्रेलियाने पहिल्या डावात ४४५ धावा केल्या होत्या. पाच दिवसांच्या कसोटीत पहिली फलंदाजी करणाऱ्या संघाला दोनशे किंवा अधिक धावांची आघाडी मिळाली, तर तो प्रतिस्पर्ध्याला लगेच दुसऱ्यांदा फलंदाजीला उतरवू शकतो. हा फॉलोऑन. तो द्यायचा की नाही, हे कर्णधार ठरवतो. पहिला दिवस पूर्ण वाया गेला असता तर दीडशेची आघाडीही पुरली असती. पण पावसाने त्या दिवशी तेरा षटकांचा खेळ होऊ दिला, त्यामुळे मर्यादा दोनशेचीच राहिली. म्हणजे भारताला २४६ गाठायचे होते. रवींद्र जडेजा ७७ धावांवर बाद झाला तेव्हा धावफलकावर होते २१३. उरले बुमरा आणि आकाशदीप. या दोघांनी ४७ धावांची भागीदारी केली आणि भारताचा डाव २६० वर संपला.

या धावांचे खरे मोल वेळेत होते. फॉलोऑन मिळाला असता तर भारताला लगेच पुन्हा खेळावे लागले असते आणि ऑस्ट्रेलियाला दहा गडी टिपायला बराच वेळ मिळाला असता. तो टळल्यामुळे शेवटच्या दिवशी आधी ऑस्ट्रेलियालाच फलंदाजी करावी लागली. १८५ धावांची आघाडी हाताशी होती, पण घड्याळ पुढे सरकत होते. म्हणून त्यांनी विकेटची पर्वा न करता फटकेबाजी केली आणि १८ षटकांत ७ बाद ८९ वर कमिन्सने डाव घोषित केला. सगळे बाद होण्याआधीच कर्णधार 'आता पुरे' म्हणू शकतो. धावा सोडून तो गोलंदाजांसाठी षटके विकत घेतो. घोषणा लवकर केली तर हरण्याचा धोका, उशिरा केली तर गडी बाद करायला वेळ अपुरा. कमिन्सने भारतापुढे ५४ षटकांत २७५ धावांचे लक्ष्य ठेवले. मला तो हिशेब योग्यच वाटतो. जिंकायचे तर इतका मोह दाखवायलाच हवा होता.

भारत बिनबाद ८ असताना खेळ थांबला, पाऊस आला आणि सामना अनिर्णित राहिला. पावसाची मदत झाली हे खरेच, पण तोवर ऑस्ट्रेलियाची ती १८ षटके खर्च झाली होती. मालिका १-१ अशी बरोबरीत राहिली. बॉर्डर-गावसकर करंडक तेव्हा भारताकडे होता आणि मालिका बरोबरीत सुटली असती तरी तो भारताकडेच राहिला असता. त्यामुळे त्या दिवशी एकाच निकालाला दोन किमती होत्या: ऑस्ट्रेलियाच्या हातून विजयाची संधी निसटली, तर भारत पिछाडीवर न पडता मेलबर्नला गेला. तिथे आणि सिडनीत तो हरला, मालिका ३-१ ने गेली. पण मेलबर्नच्या पहिल्या चेंडूपर्यंत करंडक दोघांच्याही आवाक्यात होता, तो दहाव्या आणि अकराव्या क्रमांकावरच्या फलंदाजांमुळे.