पगारपत्रकाच्या मागे : एकच श्रेणी, वेगळी पायरी

ग्रॅच्युइटीचा हिशेब या आठवड्यात मांडतो असं म्हटलं होतं, पण तो पुढे ढकलतोय. मध्येच एक भाषण येऊन पडलं. सुपा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात उत्पादन विभाग सांभाळणाऱ्या एक मॅडम या लेखमालेच्या नेमाच्या वाचक आहेत. ८ मार्चला त्यांना कंपनीच्या कॅन्टीनमध्ये महिला दिनाचं भाषण करायचंय. समान वेतन, बढती आणि बाळंतपणानंतर मागे पडणं, असे तीन विषय घेऊन त्यांनी चार पानं लिहिली आणि “सर, कायद्याच्या चुका तेवढ्या बघा” म्हणून पाठवली.

कायद्याच्या चुका नव्हत्या. पण पहिल्याच पानावर एक वाक्य होतं : आपल्या कंपनीत एका श्रेणीला एकच पगार आहे, इथे बाई-पुरुष असा भेद नाही. त्याखाली मी रेघ मारली आणि समासात दोन प्रश्न लिहिले. कोणाला कुठल्या श्रेणीत घालायचं, हे कोण ठरवतं? आणि श्रेणीत घातल्यावर पहिल्या दिवशी कितव्या पायरीवर बसवतात?

त्यांचा फोन आला. म्हणाल्या, “पायरीचं काय सर? स्केल तर एकच आहे ना?” आता यावर फोनवर काय सांगणार? मुंबईतल्या एका स्टेनोग्राफर बाईंची सगळी गोष्टच सांगावी लागते. ती मला फार आवडते, म्हणून आजचा लेख तिलाच देतो.

कंपनी मॅकिनन मॅकेन्झी, बॅलार्ड इस्टेटमधली जुनी, बड्या आगबोट कंपन्यांची एजंट. तिथे ऑड्री डिकॉस्टा या ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ होत्या. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या दिमतीला फक्त बायका स्टेनो आणि सामायिक ‘जनरल पूल’मध्ये फक्त पुरुष स्टेनो, अशी तिथली रीत. १९७५ मध्ये व्यवस्थापन आणि कामगार संघटना यांच्यात वेतनकरार झाला. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला समान वेतनाचा वटहुकूम निघाला आणि पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला. १३ जून १९७७ ला डिकॉस्टाबाईंची नोकरी संपली. त्यांनी मागणी केली ती पगारातल्या फरकाची : वटहुकूम लागू झाला त्या दिवसापासून नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत पुरुष स्टेनोंना जे जास्त मिळालं, तेवढं मला द्या.

पहिल्या अधिकाऱ्याने गंमतच केली. बायका आणि पुरुष एकाच तऱ्हेचं काम करतात हे त्याने मान्य केलं, तरीही अर्ज फेटाळला. फरक संघटनेशी झालेल्या करारातून आलेला आहे, बाई म्हणून केलेला नाही, असं त्याचं म्हणणं. अपिलात मात्र निकाल फिरला आणि ७,१९६ रुपये ६७ पैसे द्यायचा हुकूम झाला. साडेवीस महिन्यांचे एवढे, म्हणजे महिन्याला साधारण साडेतीनशे. या रकमेसाठी कंपनी उच्च न्यायालयात एकल न्यायाधीशांपुढे हरली, मग खंडपीठापुढे हरली, तरी सर्वोच्च न्यायालयात गेली. २६ मार्च १९८७ ला तिथेही हरली.

कंपनीचा बचाव मन लावून वाचण्यासारखा आहे, कारण तो मी आजही एमआयडीसीत जवळजवळ त्याच शब्दांत ऐकतो. त्यांचं पद वेगळं आहे. त्या जागेवर आम्ही पुरुष घेतच नाही, मग तुलना कुणाशी करणार? करारावर युनियनची सही आहे. आणि शेवटी, आमची आर्थिक परिस्थिती बरी नाही. न्यायालयाने एकेक मुद्दा खोडला. पद काय आहे ते राहू द्या, रोज प्रत्यक्ष काम काय करतात ते बघा. किरकोळ फरक मोजू नका, व्यवहारात ज्याने फरक पडतो तेवढाच मोजा. वरिष्ठांकडे पुरुष स्टेनो नाहीत आणि बायकांची बदली पूलमध्ये होत नाही, हे खरं असलं तरी काम तेच असेल तर त्याने काही बिघडत नाही. करार कायद्याच्या वर नाही. आणि हा कायदा लागू व्हायला मालकाची ऐपत बघावी लागत नाही.

आता त्यातली बारीक मेख, जिच्यासाठी मी मॅडमच्या वाक्याखाली रेघ मारली. त्या कंपनीत बायकांना एक स्केल आणि पुरुषांना दुसरं, असं नव्हतंच. स्केल एकच होतं. करारानंतर प्रत्येकाला नव्या स्केलमध्ये बसवताना, म्हणजे ज्याला आपण फिटमेंट म्हणतो तिथे, भेद झाला. म्हणजे कंपनीत छापलेला स्केलचा तक्ता हातात घेऊन कुणी तपासणीला आलं असतं, तर त्याला काहीच सापडलं नसतं. माणसागणिक पायरी बघितल्याशिवाय हा फरक दिसत नाही.

नगरच्या कारखान्यांत हे कसं होतं, ते मी अनेकदा पाहिलंय. एकाच लाइनवर, एकाच फिक्श्चरवर सकाळी बाई आणि दुपारी पुरुष बसतो. पुरुषाच्या नेमणूकपत्रावर ‘ऑपरेटर’, बाईच्या ‘असेंब्ली असिस्टंट’. किंवा दोघेही ऑपरेटर, पण त्याचा आयटीआय आणि आधीचा तीन वर्षांचा अनुभव धरून सुरुवात चौथ्या पायरीवर, आणि तिचा तितकाच अनुभव ‘दुसऱ्या कंपनीतला, कंत्राटाचा’ म्हणून सोडून पहिल्या पायरीवर. यात कुणी दुष्टपणा केलेला असतोच असं नाही. बऱ्याचदा एचआरमधल्या पोराने मागच्या वर्षीचं पत्र उघडून फक्त नाव बदललेलं असतं.

पण डिकॉस्टा निकालावर कुणी फार विसंबूही नये. सहाच वर्षं आधी, २८ ऑगस्ट १९८१ ला, याच सर्वोच्च न्यायालयाने एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचा खटला निकाली काढला होता. नियम असा : पस्तिशीला निवृत्ती, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर घरी, पहिलं गरोदरपण आलं तरी घरी. गरोदरपणाची अट न्यायालयाने अतिशय कडक शब्दांत रद्द केली. लग्नाची अट मात्र ठेवली. आणि विमानात तीच ट्रॉली ढकलणाऱ्या पुरुषांशी पगाराची, बढतीची बरोबरी मागितली, तिथे सांगितलं की भरती वेगळी, सेवाशर्ती वेगळ्या, बढतीची शिडी वेगळी, म्हणून तुमचा संवर्गच वेगळा. शिडी वेगळी का, हीच तर तक्रार होती! मला तो भाग आजही पटत नाही. पण मॅडमना मी हे मुद्दाम सांगितलं, कारण बढतीची बाजू पगारापेक्षा नेहमीच लंगडी राहिलीय. १९७६ च्या कायद्यात बढतीचा उल्लेख नव्हता, तो १९८७ च्या दुरुस्तीने आला. आता नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा वेतन संहितेने घेतली आहे. तिच्यात समान कामाला समान वेतन आहे, भरतीत आणि नोकरीच्या शर्तींत भेद करायचा नाही हेही आहे, पण बढती हा शब्द पुन्हा गेलाय. तो ‘शर्तीं’मध्ये धरायचा की नाही, यावर वकील लोक भांडतील.

आता भाषणाचं तिसरं पान. तिथे मॅडमनी लिहिलं होतं की २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, कामावर परत घेतात, तरी बाई मागे पडते. कशी, ते आकड्यात नव्हतं. ते मी भरून दिलं.

समजा दोघांचा पगार ३०,००० आणि वार्षिक वाढ ८ टक्के. ती सहा महिने रजेवर होती. अप्रायझलमध्ये साहेब म्हणतात, निम्मंच वर्ष काम झालं, तर वाढही निम्मी, ४ टक्के. त्याचा पगार ३२,४००, तिचा ३१,२००. फरक बाराशेचा, तिलाही तो फार वाटत नाही. पण पुढची प्रत्येक वाढ टक्क्यात मिळते. दोघांनाही दरवर्षी ८ टक्केच देत राहिलात, एका पैशाचा भेद केला नाहीत, तरी दहा वर्षांनी हा फरक महिना २,५९० च्या आसपास जातो. त्या पहिल्या वर्षापासून दहाव्या वाढीच्या वर्षापर्यंतचा सगळा मिळून जवळजवळ २ लाख ४० हजार. भविष्यनिर्वाह निधी यात धरलेला नाही. दुसरं मूल झालं आणि तेच पुन्हा केलं, तर फरक जवळजवळ दुप्पट. मूळ कारण जुन्या अप्रायझलच्या कागदात राहतं आणि पगारपत्रकावर दिसतं ते एवढंच, की ती आपली कमी पगारावर आहे.

प्रसूतीलाभ कायद्याच्या कलम १२ मध्ये रजेच्या काळात कामावरून काढायला मनाई होती, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच कलमात, त्या काळात तिच्या सेवाशर्ती तिच्या तोट्याने बदलायलाही मनाई होती, हे फारसं कुणी वाचलेलं नसतं. त्या कायद्याची जागा आता सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे आणि तिच्यातही ही तरतूद आलीय. निम्मी वाढ त्यात बसते की नाही, हे कंपनीचं वाढीचं धोरण कसं लिहिलंय त्यावर ठरेल. सोपा आणि न भांडता होणारा उपाय म्हणजे रजेच्या वर्षाला आधीच्या वर्षाचं रेटिंग लावायचं. आणि बढतीसाठी ‘सलग तीन वर्षं रेटिंग’ अशी अट असेल, तर रजेचं वर्ष मोजणीतून वगळायचं, म्हणजे साखळी तुटत नाही. नाहीतर रजेमुळे बाईची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते.

मालक लोक खासगीत एक गोष्ट सांगतात, ती इथे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पगार २१,००० पर्यंत असेल तर बाळंतपणाचे पैसे ईएसआय देतं. त्याच्या वर गेला की सगळा भार मालकावर. म्हणजे बाई सुपरवायझर झाली, पगार या रेषेवर गेला, की तिचं बाळंतपण कंपनीला दिसायला लागतं. आणि बढतीची यादी नेमकी तिथेच अडते. २८ जुलै १९२८ ला मुंबईच्या विधिमंडळात प्रसूतीलाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी याचा विचार केलेला होता. आईला विश्रांती मिळणं हे सगळ्या देशाच्या हिताचं आहे, म्हणून खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा. पण बाईच्या कामाचा फायदा मालकालाही होतो, तेव्हा तोही अगदी सुटणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या वर्षी मुंबई प्रांताचा कायदा झाला, त्यात भार मालकावरच राहिला. २०१७ साली रजा १२ वरून २६ आठवड्यांची झाली, तेव्हाही ईएसआयच्या रेषेवरच्या बायकांच्या बाबतीत तो तिथेच राहिला.

मॅडमनी ते वाक्य काढलं. त्याऐवजी टाइम ऑफिसकडून त्यांनी एक तक्ता मागितलाय : लाइनवरच्या प्रत्येकाची रुजू झाल्याची तारीख, रुजू होताना दिलेली पायरी, प्रत्येक वाढीचा टक्का आणि श्रेणी बदलल्याची तारीख. नावं नकोत, फक्त स्त्री की पुरुष आणि रजेचं वर्ष कुठलं, एवढं पुरे. एचआरने “कार्यक्रम झाल्यावर देतो” असं कळवलंय. मी त्यांना म्हटलं, तक्ता येईपर्यंत दुसऱ्या पानावरचं बढतीचं कौतुक बोलू नका, ते सोडून पुढे जा.

श्रीरामपूरहून एका वाचकाने विचारलंय की कंत्राटदाराकडच्या बाईने कंपनीच्या कायम कामगाराशी तुलना करून फरक मागता येईल का. समान वेतनाची ही तरतूद ‘त्याच मालकाकडच्या’ कामगारांपुरती आहे, आणि कंत्राटी बाईचा मालक कागदावर कंत्राटदार असतो. मात्र त्याच कंत्राटदाराने त्याच कामाला बाईला कमी आणि पुरुषाला जास्त दिलं असेल, तर तिथे ही तरतूद लागते. हजेरी आणि वेतनाच्या नोंदी कंत्राटदाराला ठेवाव्याच लागतात, आधी त्या बघा.

ग्रॅच्युइटी पुढच्या रविवारी. ती शेवटच्या पगारावर मोजतात, त्यामुळे ते बाराशे रुपये तिथे पुन्हा भेटतील.