तीन रजांचा हिशेब

रजा चुकीच्या कापल्या गेल्या तर ते त्याच महिन्यात सहसा लक्षात येत नाही. पगार पूर्ण आलेला असतो. मोबाइलवर शिल्लक रजेचा आकडा थोडा कमी दिसतो, पण तो नेमका किती असायला हवा होता हे कोण तोंडपाठ ठेवतं? पुढे केव्हातरी शिल्लक संपते आणि पगारातून एका दिवसाचे पैसे वजा होतात. मग माणूस जागा होतो आणि घाईघाईने एचआरला लिहितो, ‘माझ्या रजा बरोबर दिसत नाहीत, कृपया बघाल का?’ या पत्राला बहुधा एवढंच उत्तर येतं की सिस्टिममध्ये सगळं बरोबर दिसतंय. सिस्टिमपुरतं ते खरंही असतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातल्या एका खासगी कंपनीच्या अकाउंट्स विभागात एक बाई काम करते. शनिवार-रविवार सुट्टी, महिन्याला सव्वा दिवस पगारी रजा जमा. २०२५ मध्ये १५ ऑगस्ट शुक्रवारी आला. तिने गुरुवार १४ आणि सोमवार १८ अशी दोन दिवसांची रजा मागितली आणि ती आधीच मंजूर झाली. अर्ज भरताना मात्र तिने ‘१४ पासून १८ पर्यंत’ असं एकच खाणं भरलं. सॉफ्टवेअरने मधले तिन्ही दिवस रजेत धरले आणि पाच दिवस कापले.

ऑफिसात याला सँडविच म्हणतात. रजेच्या दोन दिवसांमध्ये अडकलेली सुट्टीही रजाच धरायची, असा हा नियम. काही कंपन्यांच्या रजा धोरणात तो असतो, काहींत नसतो, आणि काहींत फक्त बिनपगारी किंवा न कळवता घेतलेल्या रजेसाठी असतो. सॉफ्टवेअरमध्ये मात्र तो रजेच्या प्रत्येक प्रकारापुढची एक खूण असतो. धोरण एक सांगतं आणि खूण दुसरीच पडलेली असते, असं होऊ शकतं. म्हणून पत्र लिहायच्या आधी धोरणाची प्रत काढून ते कलम वाचायला हवं, आणि तेही त्या तारखेला लागू असलेल्या प्रतीतलं. आपल्या उदाहरणातलं कलम म्हणतं की पूर्वमंजूर पगारी रजेत मधल्या सुट्ट्या धरू नयेत. कलम उलटं असतं, तर शनिवार-रविवारचा दावा लंगडा पडला असता. १५ ऑगस्टचं मात्र वेगळं आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे दिवस पगारी सुट्टीचे म्हणून नावानिशी दिले आहेत. त्यामुळे हा कायदा लागू असलेल्या ठिकाणी त्या एका दिवसाबद्दल तरी लेखी विचारणा करावीच.

आता हिशेब. ऑगस्टची जमा धरून तिच्या खात्यावर सव्वापाच रजा होत्या. पाच कापल्यावर पाव उरली. दोनच कापल्या असत्या तर सव्वातीन उरल्या असत्या. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर अशा तीन महिन्यांत पावणेचार जमा झाल्या. म्हणजे नोव्हेंबरात सिस्टिम चार दाखवत होती, खऱ्या सात होत्या. २४ ते २८ नोव्हेंबर, सोमवार ते शुक्रवार, ती पाच दिवस गावी गेली. चार दिवस रजेतून गेले, पाचवा बिनपगारी ठरला. महिन्याचा पगार ३६,००० रुपये आणि महिना तीस दिवसांचा, म्हणून १,२०० रुपये कापले गेले.

इथे बहुतेकजण चुकीची मागणी करतात. ‘माझ्या तीन रजा परत द्या’ असं लिहिलं, एचआरने डिसेंबरात तीन रजा जमा केल्या आणि विषय मिटला, तर नोव्हेंबरचा दिवस नोंदीत बिनपगारीच राहतो आणि १,२०० रुपयेही गेलेलेच राहतात. नीट हिशेब केला तर पाचही दिवस पगारी धरायला हवेत आणि नोव्हेंबरअखेर शिल्लक शून्याऐवजी दोन दिसायला हवी. म्हणजे तिचं येणं दोन रजा आणि एका दिवसाचा पगार एवढं आहे. तीन रजाही मागायच्या आणि वर पैसेही, तर ते एका दिवसाचं दुहेरी मागणं होईल, आणि पेरोलवाल्यांच्या ते लगेच लक्षात येईल.

पत्र लहान असावं. एचआरमध्ये ते वाचणाऱ्या मुलाने किंवा मुलीने सॉफ्टवेअरमधली ती खूण केलेली नसते, आणि बदलायचा अधिकारही बऱ्याचदा तिच्याकडे नसतो. तिला ते पत्र जसंच्या तसं पुढे पाठवता आलं की काम हलतं. साधारण असं:

‘विषय: ऑगस्ट २०२५ मधील रजा वजावटीची दुरुस्ती व सुधारित नोंद मिळण्याबाबत.

महोदया, १४ व १८ ऑगस्ट २०२५ या दोन दिवसांची माझी पगारी रजा ४ ऑगस्ट रोजी मंजूर झाली होती. रजा खात्यात मात्र १४ ते १८ ऑगस्ट अशी पाच दिवसांची वजावट दिसते. १५ ऑगस्ट ही राष्ट्रीय सुट्टी असून १६ व १७ या साप्ताहिक सुट्ट्या आहेत. सोबत जोडलेल्या रजा धोरणातील कलमानुसार पूर्वमंजूर रजेत या सुट्ट्या धरल्या जात नाहीत, त्यामुळे तीन दिवस जादा वजा झाले आहेत. परिणामी शिल्लक अपुरी पडून २८ नोव्हेंबरची रजा बिनपगारी धरली गेली.

कृपया ऑगस्टची वजावट त्याच तारखेपासून दोन दिवसांची करावी, २८ नोव्हेंबरचा दिवस पगारी रजेत बदलून त्या दिवसाचा पगार पुढील पगारासोबत द्यावा, आणि ऑगस्ट ते नोव्हेंबरचा सुधारित रजा तपशील पाठवावा. माझ्या हिशेबाने नोव्हेंबरअखेर शिल्लक दोन दिवस येते. मंजुरीचा मेल, रजा खात्याचा तपशील आणि नोव्हेंबरची सॅलरी स्लिप सोबत जोडली आहे.’

‘तुम्ही माझ्या रजा खाल्ल्या’ हे मनात कितीही आलं तरी इथे नको. साहेबांना प्रत पाठवावी, कारण मंजुरी त्यांनीच दिलेली असते आणि एचआर आधी त्यांनाच विचारणार. ‘त्याच तारखेपासून’ हे शब्द मात्र गाळू नयेत. दुरुस्ती डिसेंबरच्या तारखेने झाली, तर मधल्या महिन्यांची शिल्लक चुकीचीच राहते आणि नोव्हेंबरचा दिवस पगारी करायला सिस्टिममध्ये आधारच उरत नाही.

पाठवण्याची वेळही बघावी लागते. पगाराचा हिशेब महिनाअखेरीच्या काही दिवस आधीच बंद होतो. त्यानंतर आलेली दुरुस्ती पुढच्या महिन्यावर जाते. रजेचं वर्ष संपत आलं असेल तर त्याहून घाई करावी. वर सांगितलेल्या कायद्यात वर्षाला आठ दिवसांची नैमित्तिक रजा आहे आणि ती न वापरल्यास वर्षअखेर बुडते. अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. चुकीने कापलेली रजा नैमित्तिक असेल, तर जानेवारीत ‘ते वर्ष बंद झालं’ हे उत्तर तयार असतं. लेखी तक्रार डिसेंबरातली असेल, तर ते उत्तर टिकवणं त्यांना अवघड जातं.

‘ॲडजस्ट केलंय’ एवढं उत्तर आलं तर शिल्लकीचा आकडा बघून समाधान मानू नये. रजा खात्याचा ओळीवार तपशील उघडून ऑगस्टच्या वजावटीसमोर तीन दिवस परत जमा झाल्याची ओळ आहे का, २८ नोव्हेंबर बिनपगारीतून पगारीत गेला का, हे पाहावं. पुढच्या स्लिपमध्ये १,२०० रुपये थकबाकीच्या रकान्यात दिसायला हवेत. त्या दिवसाची भविष्य निर्वाह निधीची वर्गणी कमी झाली असेल, तर तीही तपासावी. यातलं काही राहिलं असेल तर नवा मेल न लिहिता त्याच मेलखाली उत्तर द्यावं, म्हणजे तारखा एका ठिकाणी राहतात. दोन पगार होऊनही काही हललं नाही तर तोच मेल एचआर प्रमुखांकडे, आणि तिथेही दाद नाही मिळाली तर कामगार आयुक्त कार्यालयाकडे जाता येतं.

सुधारित तपशील पीडीएफमध्ये उतरवून घरच्या मेलवर ठेवावा. नोकरी सोडताना शिल्लक रजेचे पैसे याच खात्यावरून ठरतात, आणि कंपनीचं लॉगिन बहुतेक वेळा शेवटच्या दिवशीच बंद झालेलं असतं.