पडल्यानंतरचा डोक्याचा सीटी रिपोर्ट

पडून डोक्याला मार लागल्यावर काढलेल्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टचे दोन मुख्य भाग असतात. ‘फाइंडिंग्ज’मध्ये रेडिओलॉजिस्टला जे जे दिसले ते सगळे येते, आणि शेवटच्या ‘इंप्रेशन’मध्ये त्यातले महत्त्वाचे तेवढेच. घरची मंडळी बहुधा थेट इंप्रेशनकडे वळतात. पण रक्तस्रावाचा मेंदूवर कितपत दाब पडतो आहे, हे पुष्कळदा वरच्या ओळींतूनच नीट कळते.

समजा, ७२ वर्षांचे एक गृहस्थ बाथरूममध्ये पाय घसरून मागच्या मागे पडले. हृदयविकारामुळे त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. ते शुद्धीवर आहेत, नीट बोलतात. रिपोर्ट सांगतो: डाव्या बाजूला ७ मिलिमीटर जाडीचा अ‍ॅक्यूट सबड्युरल हेमॅटोमा, दोन्ही फ्रंटल लोबमध्ये छोटी कन्ट्यूजन्स, उजवीकडे ३ मिलिमीटर मिडलाइन शिफ्ट, बेसल सिस्टर्न्स मोकळ्या, फ्रॅक्चर नाही, वयानुसार अ‍ॅट्रोफी.

यातला सबड्युरल रक्तस्राव मेंदूच्या आत नसून मेंदूवर असतो. कवटीच्या आतल्या बाजूला ड्यूरा नावाचे जाड आवरण असते. मेंदूच्या पृष्ठभागावरून निघून या आवरणातल्या मोठ्या शिरांना मिळणाऱ्या बारीक शिरा झटक्याने तुटल्या की त्यांचे रक्त आवरणाखाली पसरते आणि स्कॅनमध्ये चंद्रकोरीसारखे दिसते. (एक्स्ट्राड्युरल रक्तस्राव वेगळा. तो आवरण आणि कवटी यांच्यामध्ये, बहुधा फ्रॅक्चरजवळ होतो आणि दोन्ही बाजूंनी फुगीर दिसतो.) वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो. अ‍ॅट्रोफी म्हणतात ती हीच. त्यामुळे या शिरा ताणलेल्या राहतात, म्हणून उतारवयात साध्या पडण्यानेही त्या तुटू शकतात, आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर रक्त लवकर थांबत नाही.

‘अ‍ॅक्यूट’ या शब्दावरून रक्त ताजे आहे एवढेच समजायचे. दुखापत किती गंभीर आहे ते त्यावरून ठरत नाही. ताजे गोठलेले रक्त सीटीवर पांढरे दिसते. ते दिवसागणिक करडे होत जाते आणि साधारण तीन आठवड्यांनंतर मेंदूपेक्षा काळे दिसू लागते.

कन्ट्यूजन म्हणजे खुद्द मेंदूच्या पेशीजालाला बसलेला मुका मार. त्यात सूज आणि रक्ताचे बारीक ठिपके असतात. गृहस्थ डोक्याच्या मागच्या बाजूवर पडले, तरी कन्ट्यूजन पुढे कपाळामागे आहे, यात चूक काही नाही. डोके एकदम थांबते तेव्हा मेंदू आत हलतो आणि त्याचा पुढचा व कानशिलाजवळचा भाग कवटीच्या तळाच्या खडबडीत हाडावर घासतो. कन्ट्यूजनची खरी अडचण अशी, की पहिल्या स्कॅनवर ते लहान दिसले तरी पुढच्या एकदोन दिवसांत वाढू शकते. रुग्ण ठीक दिसत असतानाही डॉक्टर काही तासांनी पुन्हा स्कॅन सांगतात ते यासाठीच.

मिडलाइन शिफ्टमध्ये मेंदूचे दोन भाग वेगळे करणारी मधली रचना सरळ रेषेपासून किती सरकली ते मोजतात. डाव्या बाजूच्या रक्ताने ती उजवीकडे ढकलली, म्हणून ‘उजवीकडे ३ मिलिमीटर’. रक्ताची जाडी १० मिलिमीटरपेक्षा किंवा शिफ्ट ५ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तर न्यूरोसर्जन सहसा शस्त्रक्रियेचा विचार करतात. मात्र आकडे सुटे वाचून भागत नाही. आकसलेल्या मेंदूभोवती मोकळी जागा असल्याने वृद्धांमध्ये बरेच रक्त साठूनही शिफ्ट कमी राहू शकते. उलट, जाडी ७ आणि शिफ्ट ११ असती, तर खालचा मेंदूच सुजला आहे असा संशय येतो, आणि ते जास्त धोक्याचे.

बेसल सिस्टर्न्स म्हणजे मेंदूच्या देठाभोवतीच्या द्रवाच्या पोकळ्या. त्या मोकळ्या आहेत, ही या रिपोर्टमधली सर्वांत दिलासा देणारी ओळ. तिथे ‘इफेस्ड’ लिहिलेले असते, तर आतला दाब वाढल्याची ती खूण ठरली असती.

अशा रुग्णाला बहुधा दाखल करून घेतात, रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा निर्णय डॉक्टर घेतात आणि त्याच्या शुद्धीवर लक्ष ठेवतात. वाढती गुंगी, वारंवार उलट्या, एका बाजूचा अशक्तपणा किंवा फिट यांपैकी काही दिसले, तर सकाळचा रिपोर्ट संध्याकाळी जुना झालेला असतो.

घरी गेल्यावरही काही आठवडे सावध राहावे लागते. काही वृद्धांमध्ये आवरणाखालचे रक्त पूर्ण न शोषले जाता पातळ होऊन पुन्हा वाढते. डोके दुखते, चाल अडखळते, वागण्यात गोंधळ येतो, आणि घरच्यांना ते म्हातारपणच वाटते. तेव्हाच्या रिपोर्टमध्ये ‘क्रॉनिक सबड्युरल’ असे लिहिलेले असते. असे पातळ झालेले रक्त बरेचदा कवटीला लहान भोके पाडून काढता येते.