दाब कमी, मग मोटर का जळते?

संध्याकाळी विजेचा दाब उतरला की घरातला साधा तारेचा दिवा मंद होतो. त्याचे कारण तुम्ही ओहमच्या नियमात शिकला आहात. दाब कमी झाला की विद्युतप्रवाह कमी होतो आणि तार कमी तापते. मंद दिवा कधी जळून जात नाही, उलट तो जास्त दिवस टिकतो. मग शेतकरी मात्र "होल्टेज कमी होते म्हणून मोटर जळाली" असे का म्हणतात? त्यांचे म्हणणे ओहमच्या नियमाविरुद्ध आहे काय?

हा प्रश्न एका पत्रामुळे पुढे आला. ओढ्याकाठी विहिरी असलेल्या सहा शेतकऱ्यांच्या गटाने वीजपुरवठा करणाऱ्या कंपनीच्या उपकार्यकारी अभियंत्यांना ते लिहिले होते. त्यातला मुख्य मजकूर असा:

"आमच्या रोहित्रावर ५ अश्वशक्तीचे सहा कृषिपंप आहेत. सर्व विहिरी रोहित्रापासून सुमारे १ किलोमीटरवर आहेत. गेल्या हंगामात आमच्या तीन मोटारी जळाल्या. तरी सहाही पंप चालू असताना रोहित्रापाशी आणि शेवटच्या पंपाच्या स्टार्टरपाशी, एकाच वेळी, तिन्ही फेजमधला दाब मोजावा. नंतर एकच पंप चालू ठेवून पुन्हा मोजावा. आकडे आमच्या समक्ष नोंदवून प्रत द्यावी, ही विनंती."

या पत्रात भरपाईची मागणी नाही, मोजमापाची आहे. ती किती नेमकी आहे हे समजण्यासाठी आधी मोटरकडे वळू.

पंपाच्या मोटरमध्ये स्थिर भागावरच्या तांब्याच्या वेटोळ्यांमुळे एक फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते. आतला फिरणारा भाग, म्हणजे रोटर, त्या क्षेत्राच्या मागे धावतो, पण त्याला कधीच पुरते गाठत नाही. तो थोडा मागे पडतो म्हणूनच त्यात प्रवाह प्रेरित होतो आणि त्याला पीळ मिळतो. रोटर जितका जास्त मागे पडेल तितका त्यातला प्रवाह वाढतो, आणि त्याबरोबर बाहेरच्या वेटोळ्यांतलाही.

हा पीळ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ४१५ व्होल्टऐवजी ३३० व्होल्ट मिळाले, तर दाब सुमारे ०.८ पट झाला. पण त्याच वेगाला मिळणारा पीळ ०.६३ पटच राहिला. विहिरीतले पाणी मात्र तितकेच खोल आहे आणि पंपाला जवळपास तितकाच जोर हवा आहे. म्हणून रोटर आणखी मागे पडतो आणि जास्त प्रवाह ओढून पीळ भरून काढतो. दिव्याची तार मिळेल त्यावर भागवते. मोटर तसे करत नाही, कारण तिच्यावर कामाचा भार आहे. ओहमचा नियम खोटा पडलेला नाही. फक्त मोटर म्हणजे ठरावीक रोधाची साधी तार नव्हे.

आता आकडे पाहू. ५ अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर ४१५ व्होल्टला सुमारे ७.५ अँपिअर घेते. तेवढेच काम ३३० व्होल्टवर करायला सुमारे ९.४ अँपिअर लागतात. वेटोळ्यांतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे १.५७ पट होते. नेहमी वेटोळी हवेपेक्षा ५० अंशांनी जास्त तापत असतील, तर आता ती सुमारे ७८ अंशांनी तापतील. उन्हाळ्यात हवाच ४० अंशांवर असली की वेटोळी ११८ अंशांवर जातात. तारेवरचे रोधक वेष्टन अशा तापमानाला हळूहळू करपते. तापमान दर १० अंशांनी वाढले की वेष्टनाचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे. म्हणून मोटर पहिल्याच दिवशी जळत नाही. हंगामाच्या मध्यात कधीतरी दोन वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि ती जाते. स्टार्टरमधली ओव्हरलोड रिले असा जादा प्रवाह ओळखून मोटर बंद करते. ती सारखी पडते म्हणून कोणी तिची मर्यादा वाढवून ठेवली, तर मोटरचे शेवटचे संरक्षणही जाते.

मग दाब उतरतो कोठे? पत्रात दोन ठिकाणची मोजणी मागितली आहे, ती यासाठीच. रोहित्रापाशीच दाब कमी असेल, तर दोष रोहित्रात किंवा त्याच्या मागच्या ११ हजार व्होल्टच्या वाहिनीत शोधावा लागेल. एकाच फेजचा दाब कमी असेल, तर सैल सांधा किंवा असमान भार असू शकेल. आणि दोन्हीकडे दाब नीट असूनही मोटर जळत असेल, तर दोष पंपात आहे.

मोजणीत हे आकडे मिळाले. सहाही पंप चालू असताना रोहित्रापाशी ४२० आणि शेवटच्या पंपापाशी ३३० व्होल्ट. एकच पंप चालू असताना अनुक्रमे ४२८ आणि ४१६. तिन्ही फेज जवळपास सारखे होते.

तारेचे गणित तुम्हीही करू शकता. लाइनच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ०.९ ओहम आहे. सहा मोटारींचा प्रवाह सुमारे ५७ अँपिअर. एका तारेत ५७ × ०.९ म्हणजे ५१ व्होल्ट खर्ची पडतात. तीन फेजच्या पुरवठ्यात दोन तारांमधली घट याच्या १.७३ पट, म्हणजे ८८ व्होल्ट. मोजलेली घट ९० होती. (प्रेरणामुळे यात थोडा फरक पडतो, पण उत्तर याच्या आसपासच राहते.) एका पंपासाठी हेच गणित केले की १२ व्होल्ट येतात, आणि मोजणीतही तेवढेच आले. म्हणजे दोष सांध्यात नाही, पंपातही नाही. लांब आणि बारीक तारेवर भार जास्त झाला आहे.

यात एक दुष्टचक्रही आहे. दाब उतरला की प्रत्येक मोटर जास्त प्रवाह ओढते, त्याने तारेतली घट वाढते आणि दाब आणखी उतरतो.

यावर उपाय काय? कमी दाबाच्या जोडणीसाठी मान्य दाबापेक्षा ६ टक्क्यांपर्यंतचा फरक नियमांना चालतो. म्हणजे ४१५ साठी किमान ३९० व्होल्ट हवेत. शेतकऱ्यांनी पाळी लावून तीनच पंप चालवले, तर दाब ३८३ पर्यंत चढेल. तरी तो कमीच. दोन पंप चालवले तर तो ३९७ होईल. पण वीज आठ तास येते. दोन-दोन पंपांची पाळी लावली तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन तासही येत नाहीत. तेवढ्यात उसाची भरणी होत नाही. योग्य क्षमतेचे कपॅसिटर बसवले तर लाइनमधला प्रवाह काही प्रमाणात घटतो, आणि ते शेतकऱ्यांच्या हातात आहे. उरलेली घट मात्र जाड तार ओढून किंवा विहिरींजवळ लहान रोहित्र बसवूनच भरून निघेल, आणि ते काम कंपनीचे आहे. मोजमापाने कोणाचा वाटा किती हे स्पष्ट केले.

तीन फेजच्या तारांपाशी मोजणी करण्याचे काम परवानाधारक वायरमननेच करावे. तेथे चुकूनही हात घालू नका. शाळेत मात्र शिक्षकांच्या देखरेखीखाली एक घट, लांब नायक्रोम तार आणि लहान दिवे घेऊन प्रयोग करा. तारेच्या टोकाला एकेक दिवा समांतर जोडत जा आणि प्रत्येक वेळी घटापाशी व टोकापाशी व्होल्टमीटर लावा. दोन आकड्यांतले अंतर कसे वाढत जाते ते वहीत मांडा. त्या सहा शेतकऱ्यांनी पत्रात मागितलेला तक्ता असाच होता.