तीस तक्त्यांचे तीन

एमडीच्या प्रबंधातलं निकालांचं प्रकरण पानं चाळतानाच ओळखू येतं. वर तक्ता, त्याखाली ‘वरील तक्त्यावरून असे दिसून येते की’ अशा थाटाचं इंग्रजी वाक्य, आणि त्याखाली त्याच आकड्यांचा रंगीत पाय चार्ट. एकच आकडा तीनदा. परीक्षकाला विद्यार्थ्यानं केलेलं सगळं काम दिसायला हवं असतं, त्यामुळे तिथे ते खपतं. पण त्याच कामाचा शोधनिबंध करायचा म्हटलं की तीस तक्त्यांचे तीन-चार करावे लागतात आणि चाळीस पानांचा मजकूर पाच-सहाशे शब्दांत बसवावा लागतो. काटछाट करताना पानं जावीत, पुरावा जाऊ नये, हीच त्यातली कसोटी.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजावण्याच्या सोयीसाठी मी मनानेच घेतले आहेत, पण असे प्रबंध दरवर्षी होतात. विषय: ग्रामीण आरोग्य केंद्रात येणाऱ्या गरोदर स्त्रियांमधला रक्तक्षय आणि लोहाच्या गोळ्या. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली असेल तर रक्तक्षय, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०२४ पर्यंतची संपूर्ण गरोदरपणासाठीची मर्यादा होती. गोळ्या नियमित घेणाऱ्या २०० जणींपैकी ८४ जणींना रक्तक्षय निघाला, अनियमित घेणाऱ्या १६० पैकी ९६ जणींना. म्हणजे ४२ टक्के आणि ६० टक्के.

पहिली कात्री कुठे लावायची? बहुतेक रेसिडेंट पी व्हॅल्यूचा रकाना वरून खाली बघत जातात आणि ०.०५ पेक्षा लहान आकडा असलेले तक्ते बाजूला काढतात. इथेच घोटाळा होतो. प्रबंधात चोवीस काय-स्क्वेअर चाचण्या केल्या असतील, तर कशाचाच कशाशी संबंध नसतानाही एखादी चाचणी निव्वळ योगायोगाने ‘लक्षणीय’ ठरण्याची अपेक्षा धरावी लागते. फक्त तेवढ्याच छापल्या, तर वाचकासमोर योगायोगांची निवडक माळ येते. म्हणून आधी सिनॉप्सिस काढायचा आणि त्यात लिहिलेली उद्दिष्टं समोर ठेवायची. रक्तक्षय किती, हे एक उद्दिष्ट. गोळ्यांशी आणि शिक्षणाशी त्याचा संबंध किती, हे दुसरं. या प्रश्नांना उत्तर देणारे तक्ते राहतात, उत्तर ‘फरक दिसला नाही’ असं असलं तरी. शिक्षणाचा संबंध निघाला नाही म्हणून तो तक्ता गाळणं ही काटछाट नव्हे, लपवाछपवी झाली. धर्म, कुटुंबाचा प्रकार, घराची बांधणी यांचे स्वतंत्र तक्ते असतात, ते एकत्र करून सहभागी स्त्रियांची ओळख देणारा पहिला तक्ता होतो. उरलेलं पुरवणी फाइलमध्ये. पाय चार्ट सगळे जातात, आणि त्यांच्याबद्दल मला जराही हळहळ वाटत नाही.

आता मुख्य वाक्य. प्रबंधात ते दीड पानभर पसरलेलं असतं. घाईने आवळलं की असं होतं: ‘अनियमित गोळ्या घेणाऱ्यांत रक्तक्षय लक्षणीयरीत्या जास्त होता (पी ०.०५ पेक्षा कमी).’ वाक्य आटोपशीर आहे, पण वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. किती जास्त? कितीजणींत? अंदाज किती पक्का? त्याऐवजी हे वाचा: ‘अनियमित गोळ्या घेणाऱ्या १६० पैकी ९६ (६० टक्के) आणि नियमित घेणाऱ्या २०० पैकी ८४ (४२ टक्के) स्त्रियांना रक्तक्षय होता; फरक १८ टक्के-बिंदूंचा, ९५ टक्के विश्वासमर्यादा ७.८ ते २८.२, पी = ०.०००७.’ एकाच वाक्यात मूळ संख्या आहे, टक्केवारी आहे, फरकाचा आकार आहे आणि त्यातली अनिश्चितताही. खरा फरक आठ टक्क्यांच्या आसपास असू शकतो किंवा अठ्ठावीसच्या, हे नुसत्या पी व्हॅल्यूवरून कधीच कळत नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समितीही हेच मागते: केवळ टक्के नकोत, मागच्या संख्या द्या, केवळ पी नको, अनिश्चिततेचं माप द्या. आणि एसपीएसएसच्या पडद्यावर `.000` दिसलं म्हणून ‘पी = ०.०००’ लिहू नये. शून्य शक्यता असा त्याचा अर्थ नसतो, तीन दशांशांनंतर पडदा संपलेला असतो. तिथे ‘०.००१ पेक्षा कमी’ लिहायचं.

याच आकड्यांतून ऑड्स रेशो काढला तर तो २.०७ येतो. सारांशात मग हमखास उतरतं: ‘रक्तक्षयाचा धोका दुपटीहून जास्त.’ पण ६० ला ४२ ने भागून बघा, १.४३ येतात. रक्तक्षयासारखी गोष्ट निम्म्या स्त्रियांत आढळते, तेव्हा ऑड्स रेशो प्रत्यक्ष प्रमाणापेक्षा बराच फुगलेला दिसतो. प्रबंधात शेजारी सगळा तक्ता असल्याने वाचक स्वतः पडताळू शकतो. निबंधात तक्ता गेला आणि २.०७ एकटाच उरला, की तो दिशाभूल करतो.

सगळ्यात गुपचूप हरवते ती छेदातली संख्या. समजा, अभ्यासात नोंद ३७५ जणींची झाली, पण १५ जणींचा हिमोग्लोबिनचा रिपोर्टच मिळाला नाही. प्रबंधात सातव्या तक्त्याखाली बारीक अक्षरात ही टीप होती. तक्ता कापला, टीप गेली आणि निबंधात उरलं: ‘३७५ स्त्रियांपैकी ५० टक्क्यांना रक्तक्षय.’ समीक्षक गुणाकार करतो आणि त्याला साडेसत्त्याऐंशी वर शंभर, म्हणजे अर्धी बाई सापडते. खरं वाक्य होतं ३६० पैकी १८०. निरीक्षणात्मक अभ्यासांसाठी २००७ साली आलेल्या स्ट्रोब या बावीस कलमी यादीत प्रत्येक टप्प्यावर किती सहभागी उरले ते सांगा, असं कलमच आहे. तीन ओळींत ते भागतं: किती पात्र होत्या, किती आल्या, किती विश्लेषणात धरल्या आणि बाकीच्या का नाही.

सरासरीच्या मागचं ‘±’ हे चिन्हही असंच फसवं. हिमोग्लोबिन १०.९ ± १.३ लिहिलं आणि १.३ म्हणजे प्रमाण विचलन हे सांगितलं, तर स्त्रियांमध्ये आपसात किती फरक आहे ते कळतं. त्याच ३६० जणींची प्रमाण त्रुटी ०.०७ येते. १०.९ ± ०.०७ दिसायला देखणं, पण ते सरासरीच्या अचूकतेबद्दल बोलतं, स्त्रियांबद्दल नाही. उद्या कोणी अनेक अभ्यास एकत्र करून मेटा-अ‍ॅनालिसिस करायला बसलं, तर चिन्हाचा अर्थ न सांगितलेला निबंध त्याला बाजूला ठेवावा लागतो किंवा लेखकाला पत्र लिहावं लागतं. तोवर रेसिडेंट दुसऱ्या गावी नोकरीला लागलेला असतो.

मसुदा झाल्यावर मी एकच गोष्ट करायला लावतो. प्रबंधाच्या शेवटी बारीक टायपात मास्टर चार्ट असतो, एका ओळीत एक रुग्ण. एकाने निबंधातला आकडा मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने तो मास्टर चार्टच्या एक्सेल फाइलमध्ये फिल्टर लावून नव्याने मोजायचा. मग तोच आकडा सारांशात, मजकुरात आणि तक्त्यात एकसारखा आहे का ते बघायचं. तासाभराचं काम आहे. बहुतेक वेळा चूक सारांशात निघते, कारण तो सिनॉप्सिसवरून आधीच लिहून ठेवलेला असतो आणि त्यात अजून ३७५ च असतात.