पडलेली हार्ड डिस्क ‘बीप’ करू लागली तर आधी वायर काढा

गेल्या रमजानमध्ये हिंगणघाटच्या आमच्या कापडाच्या दुकानात गल्ल्यावरून बाहेरची हार्ड डिस्क खाली पडली. तीत 6 वर्षांची खाती आणि उधारी होती. पुतण्याने ती उचलून कॉम्प्युटरला जोडली, तर आतून बारीक ‘बीप, बीप’ असा आवाज. “चाचा, पुन्हा लावून बघू का?” मी हो म्हणालो. चूक माझीच. तिसऱ्यांदा जोडली तेव्हा बीप थांबून घरघर सुरू झाली.

या दोन आवाजांतला फरक व्यापारी बंधूंनी नीट समजून घ्यावा. डिस्कच्या आत आरशासारख्या चकत्या मिनिटाला साधारण 5400 फेरे घेतात. त्यांच्यावर, केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी अंतरावर, वाचणारे ‘हेड’ तरंगते. धक्क्याने हेड चकतीला चिकटले की मोटर फिरू पाहते, फिरू शकत नाही, आणि बीप येते. त्या वेळी माहिती बहुधा शाबूत असते. पण वीज पुन्हा पुन्हा दिली तर चिकटलेले हेड ओढले जाऊन वाकते किंवा तुटते. मग चकती सुटते, फिरते, आणि वाकलेले हेड तिच्यावरचा थर खरवडते. तीच घरघर. मशीनची सुई मोडल्यावरही पायडल मारत राहावे, तसे. वर खरवडलेली धूळ आतच उडते आणि चकतीचा चांगला भागही बिघडवते.

म्हणून असा आवाज येताच वायर सरळ उपसावी. एरवी आपण पडद्यावर सांगून डिस्क काढतो, इथे तेवढी वाट पाहू नये. डिस्क कॉम्प्युटरच्या आतली असेल तर प्लगच काढावा. पडद्यावर दुरुस्तीचा प्रश्न आला तर ‘हो’ म्हणू नये, कारण त्याने हेड सगळ्या चकतीवर फिरते. डिस्क थंड पेटीत ठेवणे, ठोकणे, घरी उघडणे हेही नको.

आमची डिस्क नागपूरच्या कारागिराने धूळविरहित पेटीत उघडली. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचे हेड बसवून त्याने प्रथम पूर्ण नक्कल घेतली आणि नंतर त्या नकलेतून फायली शोधल्या. जुनी खाती मिळाली. शेवटच्या 2 वर्षांची उधारी मात्र नेमकी खरवडलेल्या भागात होती, ती कोणालाच परत आणता येणार नाही.

ओरखडा कुठे पडतो, यावर किती अवलंबून असते पाहा. 1 फेब्रुवारी 2003 रोजी कल्पना चावला ज्यात होत्या ते कोलंबिया यान आकाशातच तुटले. त्यातली 340 एमबीची जळकी डिस्क पुढे सापडली आणि तिच्यातली जवळजवळ सगळी माहिती वाचता आली, कारण चकतीवरचे खड्डे रिकाम्या भागात पडले होते.

कारागिराने मला एकच विचारले, “पहिल्या बीपनंतर किती वेळा लावली?” मी म्हणालो, दोनदा. तो काही बोलला नाही, फक्त चकतीवरचे वर्तुळाकार काळे ओरखडे दाखवले.